दसऱ्यानंतरची राखण: रेशमी साड्यांना हवा, नवी घडी आणि कसरीपासून बचाव

नागपुरात उन्हाळा इतका कोरडा असतो की मे महिन्यात कपाटातील साड्यांना दमटपणाचा धोका असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ज्या खोलीत दिवसरात्र कूलर चालतो, त्याच खोलीत लोखंडी आलमारी असेल तर बाहेर ४५ अंश तापमान असतानाही आतील कापड ओल धरून बसते, आणि पाठोपाठ पावसाळा येतो. म्हणून साड्यांचे कपाट शक्यतो कूलरच्या खोलीत ठेवू नये. साड्यांना वर्षातून एकदा नीट हवा द्यायची, तर पाऊस पूर्ण ओसरल्यावर, साधारणपणे दसरा आणि दिवाळी यांच्या मधला कोरडा दिवस निवडावा.

सकाळी दव सुकल्यावर, नऊच्या सुमारास काम सुरू करावे. पलंगावर किंवा दोरीवर धुतलेली, रंग न जाणारी सुती चादर अंथरून तिच्यावर साडी पूर्ण उलगडून दोन-तीन तास सावलीत ठेवावी. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि पंखा मंद असावा. उन्हात मात्र अजिबात वाळत घालू नये, कारण उन्हाने रंग उडतो आणि रेशमाचा धागाच कमजोर होतो. जरीचा जड पदर दोरीवरून लोंबकळत ठेवल्यास त्याच्या वजनाने कापड ताणले जाते, म्हणून अशी साडी आडवीच पसरावी.

हवा देणे ही खरे तर तपासणीची संधी असते. साडी उजेडासमोर धरून छिद्रे पाहावीत. घडीच्या रेषेवरच सरळ चीर दिसली, तर ती किड्याची नव्हे, वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी मोडलेल्या घडीची असते. वेडीवाकडी, कडा कुरतडलेली छिद्रे, जवळ वाळूसारखे कण, जाळीचे तंतू किंवा केसाळ, तपकिरी पोकळ कात आढळली, तर ते अळीचे काम समजावे. उडणारा पतंग स्वतः कापड खात नाही. त्याच्या अळ्या खातात, आणि त्यांना अंधार व स्थिरता हवी असते. त्यांचा मूळ ओढा लोकरीकडे असतो, त्यामुळे शाली आणि स्वेटर साड्यांच्या शेजारी ठेवू नयेत. रेशमावर त्या विशेषकरून तेथे तुटून पडतात, जेथे घाम किंवा अन्नाचा डाग राहिलेला असतो.

माझ्याकडील एका करवती काठाच्या टसर साडीने हे मला शिकवले. डिसेंबरातल्या लग्नात तिच्या निऱ्यांवर श्रीखंडाचा थेंब पडला. तो पुसला गेला असे समजून मी साडी घडी करून ठेवली. ऑक्टोबरात उघडली तेव्हा बाकी साडी धड होती, पण बरोबर त्या जागी तीन छिद्रे होती. तेव्हापासून नेसलेली साडी मी रात्रभर खोलीत पसरून घाम वाळू देते, आणि डाग दिसल्यास त्याच आठवड्यात ड्रायक्लीनिंगला देते.

अळीची खूण सापडली, तर ती साडी वेगळी काढून अंगणात झटकावी आणि कपाटाच्या कोपऱ्यांतून व फटींतून व्हॅक्यूम क्लीनर किंवा मऊ ब्रश फिरवावा. त्यानंतर पूर्ण कोरडी साडी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवावी, नाहीतर थंड रेशमावर पाण्याचे थेंब जमतात. छिद्रांचे रफू त्यानंतरच करून घ्यावे.

घडी करताना जुनी रेष सोडून पाच-सहा बोटे बाजूला नवी रेष घ्यावी. मागच्या वेळी मध्यावर दुमडली असेल, तर या वेळी तीन भागांत दुमडावी. जरीच्या पदरावर मलमलचा तुकडा ठेवून मगच तो आत घ्यावा, म्हणजे जरीची तार रेशमावर घासत नाही. घडी हाताने दाबून टोकदार करू नये. वळणात मलमलची सैल गुंडाळी ठेवल्यास धागा तेथे मोडत नाही. दर तीन-चार महिन्यांनी एवढीच घडी बदलली तरी चालते, संपूर्ण हवा देण्याची गरज नसते. शेवटी, धुवून खळ काढलेल्या जुन्या पांढऱ्या सुती कापडात साडी गुंडाळावी. खळ कसरीला आवडते. वर्तमानपत्र आणि प्लास्टिकची पिशवी मात्र वापरू नये.

डांबरगोळ्यांविषयी मी जरा कडक आहे. त्या कपड्याला कधीही टेकू देऊ नयेत. कापडी पुरचुंडीत बांधून वरच्या बाजूला ठेवाव्यात, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. त्यांच्याबरोबर कापूर किंवा दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या ठेवू नयेत, आणि ज्या खोलीत तान्हे बाळ झोपते तेथील कपाटात तर त्या नकोतच. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगांची पुरचुंडी वासाने पतंगाला थोडे दूर ठेवते, पण आत असलेली अळी मारत नाही. शिवाय पाला ओलसर राहिला तर डाग पडतो, म्हणून तो कडकडीत वाळवून, दर दोन महिन्यांनी बदलावा.