हप्ता तेवढाच आहे म्हणून निश्चिंत राहू नका: गृहकर्जाचा दर बदलताना होणाऱ्या चुका

व्याजदर वाढल्याची बातमी आली की माणूस पगाराच्या खात्यातून कापलेला हप्ता बघतो. रक्कम गेल्या महिन्याएवढीच असते. "आपल्याला काही झालं नाही" असं म्हणून तो मोबाइल खिशात ठेवतो. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जातली सगळ्यात महाग चूक हीच. दर बदलला तरी बहुतेक बँका आपणहून हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत ताणतात. ताणलेली मुदत खात्यातून कापली जाताना दिसत नाही, म्हणून खुपत नाही.

एक कर्ज घेऊन बघू. रक्कम ३० लाख, मुदत २० वर्षं, पहिला हप्ता जानेवारी २०२२ मध्ये. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्के होता. बँक त्यावर जी वाढ लावते ती, म्हणजे स्प्रेड, ३ टक्के धरली तर व्याजदर ७ टक्के होतो आणि हप्ता २३,२५९ रुपये. कर्ज डिसेंबर २०४१ मध्ये फिटायचं. दराचा रीसेट, म्हणजे व्याजदर नव्याने ठरणं, दर तीन महिन्यांनी आहे असं धरू.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली. १ जुलैच्या रीसेटला आपल्या कर्जाचा दर ७.९ टक्के झाला. हप्ता तोच राहिला, पण उरलेले २३४ हप्ते २७९ झाले. ऑक्टोबरमध्ये ८.९ टक्के, उरलेले हप्ते ३८५. जानेवारी २०२३ मध्ये ९.२५ टक्के, उरलेले हप्ते ४९५, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त. या सगळ्या काळात खात्यातून दर महिन्याला २३,२५९ रुपयेच जात होते.

एप्रिल २०२३ मध्ये दर ९.५ टक्के झाला. शिल्लक मुद्दल २९ लाख ४८ हजारांच्या आसपास. त्यावर एका महिन्याचं व्याज २३,३३८ रुपये, आणि हप्ता २३,२५९. हप्ता भरूनही व्याजच पुरतं फिटत नाही. ७९ रुपये कमी पडतात आणि ते मुद्दलात जमा होतात. आता मुदत कितीही वाढवली तरी हे कर्ज फिटणार नाही. पंधरा महिने एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचं हे होतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजाचा असतो आणि दराचा प्रत्येक धक्का मुद्दलाच्या छोट्याशा भागावर येतो. पहिल्या महिन्यात मुद्दलाकडे ५,७५९ रुपये जात होते. जानेवारी २०२३ मध्ये जेमतेम ५२३. कर्ज दहा-बारा वर्षं जुनं असेल तर हाच धक्का बराच सौम्य बसतो.

हे तपासायला बँकेत जायची गरज नाही. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये दर, हप्ता आणि शिल्लक मुद्दल घाला:

```
=NPER(9.25%/12,-23259,2949556)
```

उत्तर येतं ४९४ आणि काही अंश, म्हणजे ४९५ हप्ते. दर ९.५ टक्के आणि मुद्दल 2947976 घातलं की आकड्याऐवजी #NUM! दिसतं. ती टायपिंगची चूक नाही. या हप्त्यात कर्ज कधीच फिटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हप्त्याच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह विसरू नका, नाहीतर उत्तर भलतंच येईल.

प्रत्यक्षात बँक मुदत पाचशे महिन्यांपर्यंत जाऊ देत नाही. कर्जदाराच्या निवृत्तीच्या किंवा ठरावीक वयाची मर्यादा आड येते आणि मग एके दिवशी हप्ता वाढल्याचा एसएमएस येतो. तोवर घसरलेली गाडी सावरायला एकदम मोठी रक्कम लागते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना याबाबत नियम घालून दिले. दर रीसेट होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यायची. हप्ता किंवा मुदत वाढत असेल तर लगेच कळवायचं. मुदत वाढवताना व्याज मुद्दलात साचत जाईल अशी वेळ येऊ द्यायची नाही. शिवाय दर तिमाहीला सोपं विवरणपत्र द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतील.

या विवरणपत्रातला "उरलेले हप्ते" हा एकच आकडा दर तिमाहीला वहीत लिहून ठेवा. तो दर वेळी तीनने कमी व्हायला हवा. नाही झाला तर दर बदललाय, मग हप्ता हलला असो वा नसो.

दुसरी चूक पर्याय निवडताना होते. आपल्या उदाहरणात एप्रिल २०२३ मध्ये बँकेला सांगितलं की मूळ मुदतच ठेवा, तर उरलेल्या २२५ महिन्यांसाठी हप्ता २८,१०५ रुपये होतो. महिन्याला जवळपास पाच हजारांचा खड्डा. तेवढं जमत नसेल तर मधला मार्ग म्हणजे मुदत ३०० महिने, हप्ता २५,७५६. ऐकायला बरं वाटतं, पण शेवटपर्यंत हाच दर राहिला तर या दुसऱ्या पर्यायात एकूण सुमारे १४ लाख रुपये जास्त जातात. तरी मी दुसऱ्या पर्यायाला सरसकट चूक म्हणणार नाही. मुलांच्या फिया सुरू असताना हप्ता बाउन्स होण्यापेक्षा मुदत वाढलेली परवडते. चूक एवढीच, की हे तात्पुरतं म्हणून घ्यायचं आणि मग विसरून जायचं.

हप्ता वाढवून घेतला तर एक बारीक गोष्ट बघा. कर्ज एका बँकेत आणि पगार दुसऱ्या बँकेत असेल तर कापणी नॅच मँडेटवर, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेल्या लेखी परवानगीवर, होते आणि त्यावर कमाल रक्कम लिहिलेली असते. नवा हप्ता त्या रकमेच्या वर गेला तर खात्यात पैसे असूनही कापणी अडते. आधी मँडेटची मर्यादा तपासा आणि गरज असेल तर नवं मँडेट द्या. आणि कर्जासोबत घेतलेला विमा मूळ मुदतीपुरताच असतो. कर्ज २०४८ पर्यंत लांबलं म्हणून विमा लांबत नाही.

दर उतरतात तेव्हाची चूक मला जास्त खटकते, कारण ती आनंदाच्या भरात होते. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो खाली येऊ लागला आणि जूनमध्ये ५.५० टक्क्यांवर आला. आपल्या कर्जदाराने ३०० महिन्यांचा पर्याय घेतला होता असं समजू. १ जुलै २०२५ ला त्याचा दर ८.५ टक्के होतो, शिल्लक सुमारे २८ लाख ७४ हजार, उरलेले हप्ते २७३. आता त्याने "दर उतरला, हप्ता कमी करा" असा अर्ज दिला तर हप्ता २३,८२४ होतो. महिन्याला १,९३२ रुपये वाचतात आणि कर्ज मार्च २०४८ मध्ये फिटतं. काहीच न करता २५,७५६ चा हप्ता चालू ठेवला तर उरलेले हप्ते २२२ होतात आणि कर्ज डिसेंबर २०४३ मध्ये संपतं. दर तसाच राहिला तर दोन्हींतला फरक सुमारे आठ लाखांचा आहे. दर चढताना मुदत वाढवून घेतली आणि उतरताना हप्ता कमी करून घेतला, तर वाढलेली मुदत कधीच परत येत नाही. पंचवीस हजारांची सवय दोन वर्षांत झालेलीच आहे. ती मोडायची घाई कशाला?

"रेपो कमी झाला, माझा दर का नाही?" हा प्रश्न घेऊन शाखेत भांडायला जाण्याआधी मंजुरीपत्र काढा आणि तीन गोष्टी बघा: कर्ज कशाला जोडलंय, रीसेटची तारीख कोणती, स्प्रेड किती. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट होतात. म्हणजे जूनची कपात जुलैत किंवा ऑगस्टमध्येही लागू होऊ शकते. ही दिरंगाई नाही, करारच तसा आहे. त्याआधीचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर, असेल तर रीसेट बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होतो आणि रेपोतली कपात पूर्ण उतरेलच असं नाही. गृहवित्त कंपन्यांना बाहेरच्या दराची सक्ती नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो आणि तो त्या आपल्या वेळेने हलवतात. अशा वेळी "नवीन ग्राहकाला आज किती दर देता?" एवढंच विचारा. तुमच्यापेक्षा अर्धा-पाऊण टक्का कमी निघाला तर फी भरून त्या दरावर जाता येतं का ते लेखी मागा. बँकांना स्प्रेडचे काही भाग तीन वर्षांच्या आत कमी करायची मोकळीकही १ ऑक्टोबर २०२५ पासून मिळाली आहे, त्यामुळे "नियमात बसत नाही" हे उत्तर आता पुरेसं नाही.

राहिली गोष्ट वरचे पैसे भरण्याची. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. आपल्या उदाहरणात एप्रिल २०२३ मध्ये ३०० महिन्यांचा पर्याय घेताना एक लाख रुपये भरले असते आणि हप्ता २५,७५६ च ठेवला असता, तर उरलेले हप्ते ३०० वरून २६५ वर आले असते. पस्तीस हप्ते, म्हणजे नऊ लाखांहून जास्त. दर चढलेला असताना आणि मुदत ताणलेली असताना एका लाखाचं वजन इतकं असतं. पण पैसे भरताना "मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा" असं अर्जात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ॲपवरून भरत असाल तर हा पर्याय निवडायची जागा असते. घाईत पुढे गेलात तर हप्ता कमी झालेला दिसेल. आठवड्याभराने नवं परतफेड वेळापत्रक उतरवून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पूर्वीपेक्षा अलीकडे आली आहे ना ते बघा. आली नसेल तर त्याच पोचेवर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट नोंदवता येते. सोबत रीसेटच्या आधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही विवरणपत्रं जोडा.