या चुका टाळा: परीक्षेआधी ‘खोल श्वास’ घेतला आणि घाबरायला आणखीच झालं?

“मॅडम, तुम्ही सांगितलं तसे मोठमोठे श्वास घेतले. पण मग हाताला मुंग्या यायला लागल्या आणि पेनच नीट धरता येईना.”

सराव परीक्षेनंतर माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी हे सांगत होती. प्रश्नपत्रिका हातात आली, पहिला प्रश्न ओळखीचा वाटला नाही, छातीत धडधडायला लागलं. मग तिने तोंडाने दहा-बारा जोरदार श्वास घेतले, एकापाठोपाठ एक. अर्ध्या-पाऊण मिनिटात डोकं हलकं झालं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना झिणझिण्या आल्या. श्वास पुरत नाही असं वाटून तिने तो आणखी जोरात घेतला. आता आपल्याला काहीतरी होणार, ही भीती वर बसली ती वेगळीच.

मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, “घाबरायला झालं तर मोठा श्वास घे.” सल्ला अर्धवट होता, आणि बहुतेकांना तो असाच अर्धवट मिळतो. म्हणून आधी तिच्या शरीरात काय झालं ते पाहू.

मोठा श्वास म्हणजे सावकाश श्वास नव्हे

शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो आणि एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. तेवढ्यात निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. छाती फुगवून आणखी हवा आत ओढली तरी त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, कारण जोरात आणि भरभर उच्छ्वास केला की तो शरीरात तयार होतो त्यापेक्षा वेगाने बाहेर पडतो.

आपण त्याला नुसता टाकाऊ वायू समजतो, पण रक्तात तो ठरावीक प्रमाणात असावा लागतो. तो एकदम घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात आणि डोकं हलकं होतं. रक्ताची आम्लताही बदलते, त्यातून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. शिवाय हवा कमी पडतेय असं वाटतं, खरं तर आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. माणूस आणखी ओढून श्वास घेतो आणि चक्र सुरू होतं.

हे तुमच्याबाबतीत होतंय का, हे ओळखायला सोपं आहे. श्वासाचा आवाज शेजारच्या बाकावर ऐकू येतोय, खांदे दर श्वासाला वर जातायत, तोंड कोरडं पडलंय, मधूनच जांभई किंवा उसासा येतोय, तर श्वास जास्त होतोय. तिथेच थांबा. तोंड मिटा, नाकाने लहान श्वास घ्या आणि सोडताना घाई करू नका. कागदी पिशवी तोंडाला लावायची युक्ती कुणी सांगितली तर ती करू नका. त्रासाचं कारण दुसरंच काही असेल तर ती धोक्याची ठरू शकते.

बारा पेरांचा सराव

त्या मुलीबरोबर मी जे ठरवलं ते असं. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. मध्ये श्वास रोखायचा नाही. एक श्वास 10 सेकंदांचा होतो. मोजायला आपला हात पुरतो: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा दर श्वासाला एका पेरावरून पुढच्या पेरावर न्यायचा. शेवटच्या पेरावर पोचलं की दोन मिनिटं झाली. घड्याळाकडे बघावं लागत नाही आणि आपण काय करतोय हे कुणाला दिसतही नाही.

उच्छ्वास लांब ठेवायला कारण आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. प्रत्येकाच्या शरीरात हे सतत चालू असतं. सोडण्याचा वेळ लांबवला की या मंदावण्याला जागा मिळते. अनेकांना त्यातून थोडं स्थिर वाटतं. सगळ्यांना वाटेलच असं नाही, आणि वाटलं तरी भीती नाहीशी होईल असं मी तिलाही सांगितलं नव्हतं.

श्वास पोटापर्यंत गेला तर बरं, पण पोट मुद्दाम फुगवायचं नाही. सावकाश घेतलेला श्वास आपोआप थोडा मोठा होतोच, त्यात आपण भर घालायची गरज नसते. सोडताना फुंकर मारायची नाही, हवा आपली आपण जाऊ द्यायची. नाक चोंदलं असेल तर शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळू सोडा.

मोजणी पळते

हे ऐकायला इतकं साधं वाटतं की कुणी तपासून बघत नाही, आणि नेमकं इथेच फसतं. मुलीने पहिल्या दिवशी माझ्यासमोर बारा श्वास केले तेव्हा मी घड्याळ लावलं होतं. 55 सेकंद लागले. ती ‘चार’ आणि ‘सहा’ मोजत होती, पण मनातले आकडे दुप्पट वेगाने पळत होते. म्हणजे मिनिटाला 13 श्वास. हा तर नेहमीचाच वेग झाला, आणि त्यात ती श्वास मोठे घेत होती.

उपाय केला तो मोजायच्या शब्दांचा. ‘एक, दोन, तीन’ऐवजी मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. एवढे शब्द घाई न करता उच्चारायला सुमारे एक सेकंद लागतो. घरी दोन-तीन वेळा घड्याळ लावून बघा: बारा पेरांना साधारण दोन मिनिटं लागली की लय बसली. दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. चार-सहाची लय काहींना सुरुवातीला झेपत नाही, शेवटच्या आकड्यापर्यंत जीव कासावीस होतो आणि पुढचा श्वास झडप घातल्यासारखा आत येतो. तसं झालं तर तीन आत, चार बाहेर करा. आकड्यांशी निष्ठा ठेवायची गरज नाही. सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब आणि दोन्ही आरामात, एवढंच पाळा. श्वास आत रोखून धरायचे प्रकारही असतात. ते शांत बसून करणाऱ्यांना आवडतात, पण आधीच घाबरलेल्या माणसाला रोखलेला श्वास गुदमरल्यासारखा वाटू शकतो. परीक्षेच्या दिवशी ते नकोत. भरभर श्वास घ्यायचे प्रकार तर नकोतच.

पहिला प्रयोग परीक्षेच्या खोलीत करू नका

भीतीने हात थरथरत असताना नवीन काही शिकता येत नाही. मुलीने दोन आठवडे रोज अभ्यासाला बसण्याआधी बारा पेरं केली, बाकावर बसतात तशी खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून. झोपून केलेला सराव बाकावर कामाला येईलच असं नाही, कारण तिथे आपण पुढे वाकलेले असतो आणि पोट दबलेलं असतं. नंतरच्या आठवड्यात तिने घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका सोडवली आणि अडलेल्या प्रश्नाशी मुद्दाम तीन श्वास घेऊन बघितले.

तीनच. परीक्षेत दोन मिनिटं काढवत नाहीत, पण 30 सेकंद काढता येतात. पूर्ण बारा पेरं पेपर हातात येण्याआधी करायची. पेपर सुरू झाल्यावर अडलं तर पेन खाली ठेवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, एका बोटाची तीन पेरं मोजायची आणि पेन उचलायचं.

आणि इथे ती एक चूक, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. तीन श्वासांनंतर मुलं आत डोकावून बघतात, ‘गेली का भीती?’ गेलेली नसते. मग आणखी तीन, आणखी सहा, आणि दर वेळी तीच तपासणी. लक्ष सगळं छातीतल्या धडधडीवर, समोरचा पेपर तसाच. श्वास बरोबर असूनही सराव फसतो तो यामुळे. धडधड ओसरायला वेळ लागतो, ती लिहितालिहिताही ओसरू शकते. म्हणून तपासायचा प्रश्न बदला: पुढच्या प्रश्नाची पहिली ओळ मला वाचता येतेय का? येत असेल तर श्वासांचं काम संपलं. येत नसेल तर तो प्रश्न सोडून ज्याची सुरुवात येते तो घ्या. एकाच अडलेल्या जागी श्वासांची तिसरी फेरी सुरू करू नका.

हा सराव कुणी थांबवायचा

करताना चक्कर आली, मुंग्या आल्या किंवा अस्वस्थ वाटलं तर सोडून द्या आणि श्वास आपल्या चालीने चालू द्या. दमा, हृदयाचा आजार, फिट येणं असं काही असेल, किंवा गर्भारपण असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, शुद्ध हरपेल असं वाटणं याला ‘परीक्षेची भीती’ समजून श्वास मोजत बसू नका. पर्यवेक्षकांना सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. भीतीने झोप, जेवण किंवा अभ्यास कित्येक दिवस विस्कटला असेल तर घरी बोला, समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. तिथे दोन मिनिटांचा सराव पुरा पडणार नाही.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळपायाखालची जमीन, बाकाची कड, हातातल्या पेनचा गारवा यांकडे अर्धा मिनिट लक्ष न्यावं.

त्या मुलीच्या पुढच्या सराव परीक्षेत पहिला प्रश्न पुन्हा अडला. तिने तीन पेरं मोजली, धडधड होतीच, आणि ती चौथ्या प्रश्नाकडे वळली. नंतर उत्तरपत्रिका दाखवायला आली तेव्हा पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं: ‘एकशे एक’.