फोटोतलं पान पाहून ऊन की सावली ठरवताय? या चुका टाळा

नाव माहीत नसलेल्या झाडाचा फोटो समोर आला की आपण पानांवरून अंदाज बांधतो. पान जाड असेल तर ऊन, पातळ आणि गर्द हिरवं असेल तर सावली, दोन पानांत अंतर जास्त असेल तर आणखी काही. यातल्या प्रत्येक आडाख्यामागे थोडं शास्त्र आहे, म्हणूनच तो फसवतो. पानाची जाडी, रंग आणि अंतर यांवरून सहसा कळतं ते त्या झाडाला आतापर्यंत किती उजेड मिळाला ते. त्याला किती हवा आहे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक चुका या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे होतात.

एक उदाहरण घेऊ. फोटोत कुंडीतलं फूल नसलेलं झुडूप आहे. पानं मोठी, पातळ, गर्द हिरवी, कडांना दाते असलेली. फांद्या लांब आणि पानं विरळ. पाहणारा म्हणतो, ‘एवढी रुंद, गडद पानं म्हणजे सावलीचं झाड. आहे तिथेच राहू द्या.’ ही जास्वंद आहे, आणि जास्वंदीला फुलायला भरपूर थेट ऊन लागतं. फोटोतलं वर्णन चुकलेलं नाही, निष्कर्ष उलटा निघाला आहे. सावलीत वाढलेलं पान पातळ आणि पसरट होतं, कारण कमी उजेड गोळा करायला जास्त क्षेत्रफळ लागतं. वजनाच्या मानाने त्यात हरितद्रव्यही जास्त असतं, म्हणून ते गडद दिसतं. उन्हातलं पान लहान आणि जाड होतं, त्यात उभ्या पेशींचे थर वाढतात आणि रंग किंचित फिका पडतो. एकाच जास्वंदीवर दोन्ही तऱ्हेची पानं असू शकतात.

मग या फोटोत काय बघायचं होतं? पानाऐवजी खोड. पान खोडाला जिथे जोडलेलं असतं तो सांधा, आणि दोन सांध्यांमधला भाग म्हणजे पेर. पान एकदा पूर्ण उघडलं की त्याचा आकार आणि जाडी फारशी बदलत नाही, आणि पेराची लांबीही एकदा ठरली की ठरली. म्हणजे खोड ही उजेडाची नोंदवही आहे: तळाशी जुनी पानं, शेंड्याला नवी. फोटोत पट्टी नसते, म्हणून सेंटीमीटरचा विचार सोडून पानाच्या लांबीशी तुलना करा. समजा, आपल्या जास्वंदीच्या फांदीच्या तळाशी एका पानाच्या लांबीत चार पेरं बसतात, आणि शेंड्याकडे त्याच पानाच्या लांबीत दोनच. पेर दुप्पट झालं. शिवाय फांदी बारीक आहे, एका बाजूला झुकली आहे आणि शेंड्याची पानं फिकी व लहान आहेत. या सगळ्या खुणा एकत्र आल्या की झाड पूर्वी चांगल्या उजेडात होतं आणि आता उजेडाकडे ताणलं जातंय, असं म्हणायला हरकत नाही. नुसतं अंतर वाढलेलं दिसलं म्हणून मात्र असं म्हणू नका.

कारण लांब पेराची इतरही कारणं असतात. छाटणीनंतर जोमाने फुटलेल्या फांदीची पेरं भर उन्हातही लांब असतात. नत्र जास्त झालं तरी तसंच होतं. फरक ओळखायचा तो जाडीवरून: जोमदार फांदी जाड आणि सरळ असते, उजेडासाठी तडफडणारी फांदी बारीक आणि वाकलेली. मनी प्लांटसारखे वेल तर पेरं लांब टाकूनच पुढे सरकतात. खाली लोंबणाऱ्या वेलीची पानं चढणाऱ्या वेलीच्या पानांपेक्षा सहसा लहान आणि विरळ असतात, आणि त्याचा उजेडाशी संबंध असेलच असं नाही.

उलटी फसवणूक नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपांत होते. शोभेच्या अनेक रोपांना वाढ आखूड ठेवणारी द्रव्यं दिलेली असतात. पेरं जवळ जवळ, झाड गच्च, म्हणून वाटतं उजेड अगदी योग्य आहे. द्रव्याचा परिणाम ओसरला की तीच रोपं अचानक लांबडतात. अशा रोपाच्या फोटोवरून उजेडाबद्दल काही ठरवू नये.

आता जाडीचं. जाड पान म्हणजे ऊन, हा आडाखा अनेकदा तोंडघशी पाडतो, कारण पान पाणी साठवायलाही जाड होतं. हावर्थिया मांसल पानांची असली तरी ती मूळ जागी झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला वाढते. जाडजूड चकचकीत पानांचं झीझी प्लांट कमी उजेडात सहज टिकतं. उलट टोमॅटो आणि झिनिया यांची पानं पातळ, तरी दोघांना भरपूर ऊन लागतं. त्यामुळे जाडीची तुलना एकाच जातीच्या, शक्यतो एकाच झाडाच्या दोन पानांमध्ये करा. मुळात फोटोत जाडी कळणं अवघड आहे. पानाची कड दिसणारा बाजूचा फोटो हवा. पानामागून उजेड येत असेल तर शिरा आरपार दिसतात आणि कुठलंही पान पातळ वाटतं.

रंगावर मी सर्वांत कमी भरवसा ठेवतो. फोनचा कॅमेरा उजेड आणि रंगछटा स्वतःच जुळवून घेतो: पिवळसर दिव्याखाली पान पिवळट दिसतं, गडद भिंतीसमोर ते जास्त उजळ होतं. फोटोत पानाशेजारी पांढरा कागद ठेवायला सांगा. कागदच पिवळा दिसला, तर पानाच्या पिवळेपणावर चर्चा करू नका. रंग खरा असला तरी कारणं अनेक. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता संभवते. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता किंवा जास्त पाणी. उन्हाने करपलेल्या भागात मात्र पांढुरके-तपकिरी डाग पडतात आणि ते उजेडाकडच्या बाजूलाच असतात. पानांचा लालपणाही दोन्हीकडे सापडतो: अनेक झाडांत तो जास्त उजेडाचा परिणाम असतो, तर कॅलेथियासारख्या जंगलाच्या सावलीतल्या झाडांत पानाची खालची बाजू जन्मतःच जांभळी असते.

म्हणून कोणी फोटो पाठवला की एकावर उत्तर देऊ नका. तीन मागा: पूर्ण झाड बाजूने, एका फांदीचा तळापासून शेंड्यापर्यंत फोटो, आणि झाडाची जागा खिडकीसकट. फोन झाडाला चिकटवून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो आणि वरून काढलेल्या फोटोत पेरं दिसतच नाहीत, म्हणून थोडं लांबून, समोरून. आधी झाडाची जात ओळखायचा प्रयत्न करा. जात कळली तर ऊन की सावली हा प्रश्न तिथेच बहुधा सुटतो, आणि खोडावरच्या खुणा फक्त त्याला सध्या उजेड कमी पडतोय का, हे सांगतात.

जात ओळखता आली नाही, तर अंदाज तपासून पाहता येतो. असं झाड एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, सावलीतली पातळ पानं भाजतात. आधी सकाळचं ऊन द्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. जुनी पानं सुधारणार नाहीत, काही गळतीलही, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हलवताना शेंड्याशी सैलसर दोरा बांधून ठेवा. त्याच्या वर येणारी पेरं आखूड आणि पानं जाडसर झाली तर झाडाला उजेड कमी पडत होता. दोऱ्याच्या वरची पानं फिकट होऊन कडेला करपू लागली, तर अंदाज चुकला, झाड मागे घ्या.