अल्बममधला नको असलेला पाहुणा आणि टेंपो: फोटोग्राफरला पत्र कसं लिहावं

पुतणीचं लग्न गुहागरजवळ, घरच्या अंगणात झालं. अल्बमच्या निवडीसाठी आलेल्या फोटोंत दोन अडचणी निघाल्या. अंतरपाटाच्या फोटोत मागे फोनवर बोलणारे एक गृहस्थ होते आणि घरच्यांच्या ग्रुप फोटोत तुळशीमागे मंडपवाल्याचा टेंपो.

पत्र लिहिण्याआधी घरात विचारून घ्या, हा माणूस कोण? आम्ही ज्यांना परके समजलो, ते नवरदेवाच्या आत्याचे यजमान निघाले. ते फोनवरच होते, म्हणून त्या फोटोतून काढायला हरकत नव्हती, पण जेवणाच्या पंगतीतला त्यांचा फोटो मुद्दाम अल्बममध्ये घ्यायला सांगितला.

मग फोटोचा फाईल नंबर टिपा. ‘तो मंडपातला फोटो’ म्हटलं तर तसे चाळीस असतात. डावं-उजवं सांगताना ‘फोटो बघताना’ हे शब्द घाला, कारण नवरीचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो.

खरी अडचण टेंपोची. त्याच्यामागे काय होतं, हे त्या फोटोत नाहीच. म्हणून त्याच जागी, साधारण त्याच वेळी उभं राहून मागच्या मोकळ्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, फोटो काढा. सकाळच्या फोटोला संध्याकाळचं ऊन जोडलं की ठिगळ दिसतं. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवाल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होऊन जातो.

आम्ही पाठवलेलं पत्र असं:

> दादा, स.न.वि.वि.
> अल्बम छपाईला जाण्याआधी दोन फोटोंत दुरुस्ती हवी आहे.
> DSC_0417: फोटो बघताना डाव्या कडेचे, निळ्या शर्टातले गृहस्थ काढावेत. शेजारच्या आजी तशाच राहू द्याव्यात. गृहस्थांचा हात अष्टपुत्रीच्या काठावर आला आहे. काठ नीट जुळत नसेल, तर लगेच पुढचा-मागचा फोटो आहे का बघाल?
> DSC_0533: तुळशीमागचा पांढरा टेंपो आणि त्याची जमिनीवरची सावली काढावी. मागे चिऱ्यांचा गडगा दिसावा. मोकळ्या गडग्याचा फोटो सोबत आहे.
> याचे वेगळे पैसे होणार असतील तर आधी कळवावे. दुरुस्त फोटो आम्ही बघून होकार दिल्यावरच छपाईला द्यावेत. मूळ फाईल जपून ठेवाव्यात.
> कळावे.

दुरुस्त फोटो आला की मोठा करून बघा. आमच्या पहिल्या खेपेला टेंपो गेला, पण चाकांची सावली तुळशीखाली राहिली, आणि गडग्यात एकच तुटका चिरा ओळीने तीनदा आला होता. दोन्ही ठिकाणी गोल करून परत पाठवलं. अंतरपाटाच्या फोटोत मात्र काठ काही जुळला नाही. फोटोग्राफरने त्याच्या लगेच नंतर टिपलेला फोटो शोधून दिला. त्यात आतोबा नव्हते, पण भटजींचे डोळे मिटलेले होते. तोच घेतला.