शिबिराचं रजिस्टर संगणकावर चढवताना या चुका टाळा

गणपतीच्या दिवसांत सक्करदऱ्यातल्या एका मंडळाच्या रक्तदान शिबिराचं रजिस्टर माझ्याकडे आलं. ६४ ओळी, तीन जणांचं हस्ताक्षर, एका पानावर चहाचा डाग. तासाभराचं काम म्हणून बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. त्यातला बराचसा वेळ माझीच एक चूक निस्तरण्यात गेला, म्हणून आधी तिच्याबद्दल.

बॅग नंबर खाली ओढू नका

रजिस्टरमध्ये पहिल्या रक्तदात्यापुढे २१४१ होता, पुढे २१४२, २१४३. मला वाटलं, क्रमच आहे, एकेक कशाला टाइप करा? डिफर झालेले, म्हणजे रक्त न घेता परत पाठवलेले, आठ जण आणि रांग सोडून गेलेला एक, अशा नऊ ओळी मी वेगळ्या शीटवर हलवल्या. उरलेल्या ५५ जणांपुढे २१४१ पासून नंबर ओढला. शेवट २१९५ वर आला. फ्रीजमधली शेवटची बॅग मात्र २१९६ ची होती आणि तिला माझ्या यादीत मालकच नव्हता.

गोम ओळ क्रमांक २३ मध्ये होती. त्या मुलाला पहिल्यांदा सुई नीट लागली नाही, ती बॅग बाद झाली आणि दुसऱ्या हाताला नवी बॅग लावली. रजिस्टरमध्ये २१६० वर बारीक रेघ मारून वर २१६१ लिहिलं होतं. ती रेघ मी पाहिली नाही. परिणामी तो मुलगा आणि त्याच्यानंतरचे ३५ जण, अशा ३६ जणांना आपल्याआधीच्या बॅगेचा नंबर मिळाला. यातली एखादी बॅग तपासणीत बाद ठरली असती, तर फोन भलत्याच माणसाला गेला असता, आणि ज्याला कळायला हवं तो पुढच्या शिबिरात पुन्हा रांगेत उभा राहिला असता.

अशी घसरण ओळखायची खूण सोपी आहे. शिबिरात लिहिलेला रक्तगट आणि प्रयोगशाळेने बॅगेवरून काढलेला रक्तगट शेजारी ठेवा. कुठेतरी एकच ओळ जुळत नसेल तर बहुधा रक्तदात्याने गट चुकीचा सांगितला असेल किंवा लिहिताना चूक झाली असेल. पण एका ठिकाणापासून पुढे बिघाड सुरू होऊन शेवटपर्यंत चालू राहत असेल, तर नंबर सरकलेत. सगळ्याच ओळी चुकणार नाहीत, कारण शेजारच्या दोघांचा गट योगायोगाने सारखा निघतो. सरकलेली पहिली ओळ पहिल्या चुकलेल्या गटाच्या थोडी वरही असू शकते. तिथून मागे जात एकेक फॉर्म काढा. फॉर्मवर चिकटवलेलं स्टिकर हेच अंतिम, रजिस्टर नव्हे.

नाकारलेल्यांना वेगळ्या शीटवर हलवणंही बंद केलं. सगळे ६४ एकाच शीटवर, रजिस्टरच्याच क्रमाने राहतात. रांग सोडून गेलेल्यापुढे कारणाच्या रकान्यात ‘निघून गेला’ लिहितो. J मध्ये बॅग नंबर आणि K मध्ये कारण असेल, तर दोन्ही भरलेल्या किंवा दोन्ही रिकाम्या ओळी हे सूत्र दाखवतं:

```
=IF((J2<>"")=(K2<>""),"तपासा","")
```

मग हिशेब जुळवा. आमच्याकडे ५६ स्टिकर वापरली गेली: ५५ बॅगा आणि एक बाद. बाद नंबरही कारणासह नोंदवायचाच, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी २१६० शोधत बसेल.

आणखी एक सापळा. बॅगेच्या नळीवर कंपनीने छापलेला सेगमेंट नंबर असतो, तो रक्तकेंद्राच्या स्टिकरवरचा नंबर नाही. घाईत स्टिकर सापडलं नाही की कुणीतरी नळीवरचा आकडा उतरवतो. बाकीच्या क्रमात न बसणारा लांबलचक आकडा दिसला की हा संशय घ्या. आणि नंबर शून्याने सुरू होत असतील तर टाइप करण्याआधीच रकाना Text करून ठेवा. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

बरोबरची खूण म्हणजे १२.५ नव्हे

हिमोग्लोबिनच्या रकान्यात पहिल्या ४० ओळींत १३.८, १४.१ असे आकडे होते. पुढे नुसती बरोबरची खूण. मशीनची बॅटरी संपली होती आणि टेक्निशियनताईंनी निळ्या द्रावणावर काम चालवलं होतं. मी त्यांना आकडे विचारले, तर म्हणाल्या, “भाऊ, थेंब बुडला म्हणजे पास. आकडा कुठून आणू?”

बरोबरच होतं त्यांचं. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त, तरंगला तर कमी. एवढंच ती चाचणी सांगते. १२.६ आणि १६ दोन्ही सारखेच बुडतात. आपल्याकडे रक्तदानासाठी किमान १२.५ लागतं, म्हणून अनेकजण खुणेच्या जागी १२.५ भरतात. पुढच्या वर्षी त्याच माणसाचं मशीनवर १४.५ आलं, तर त्याचं रक्त वाढल्यासारखं दिसतं.

मी आता तीन रकाने ठेवतो: पद्धत, आकडा, निकाल. द्रावणाची ओळ असेल तर आकडा रिकामा. रिकाम्या आणि शून्यातही फरक आहे. वजनातच बाद झालेल्या मुलीची सुई टोचून तपासणी झालीच नसते, तिच्यापुढे शून्य घातलं की सरासरी कोसळते.

देवनागरी अंकांचंही जपा. आमच्या रजिस्टरमध्ये एकजण मराठी अंक लिहीत होता, दुसरा इंग्रजी. घाईत काढलेला ४ हा इंग्रजी आठ वाटतो, १ हा इंग्रजी नऊ. १४.२ चं १८.२ झालं तर शीट काही तक्रार करत नाही, कारण तेही पासच. कॉलेजच्या मुलीपुढे १८ च्या वरचा आकडा दिसला की पानावरचा दुसरा एखादा ४ शोधून ताडून पाहा.

कारण जसं लिहिलंय तसंच आधी उतरवा

‘रक्त कमी’, ‘बीपी’, ‘गोळी चालू’, ‘कावीळ’. आठ डिफर झालेल्यांमागे एवढीच कारणं होती, काहींपुढे वरच्यासारखंच अशा अर्थाची दोन टिंबं. ती टिंबं टाइप करू नका. शीट नावानुसार लावली की ती भलत्याच माणसाखाली जाऊन बसतात. पूर्ण कारण लिहा.

एका रकान्यात मूळ शब्द, दुसऱ्यात ठरलेलं कारण, तिसऱ्यात पुन्हा कधी यायचं ती तारीख. मलेरिया बरा होऊन तीन महिने, टॅटूनंतर बारा महिने, अशा मुदती असतात, त्यामुळे नुसतं ‘तात्पुरतं’ लिहून भागत नाही. पण कावीळ कोणती हे रजिस्टरवरून कळत नाही. बी किंवा सी प्रकारची असेल तर माणूस कायमचा बाद, इतर काही प्रकारांत नाही. ते मी ठरवत नाही. ‘डॉक्टरांना विचारायचं’ असं लिहून ती ओळ पिवळी करतो आणि फॉर्मसकट मेडिकल ऑफिसरकडे नेतो. ‘बीपी’ जास्त होतं की कमी, तेही फॉर्मवरच सापडतं.

संध्याकाळी मंडळाचा फोन आला, “दादा, सर्टिफिकेटसाठी लिस्ट व्हॉट्सॲपवर टाका ना.” त्यांना शीट नाही पाठवायची, लपवलेल्या रकान्यांसकट तर नाहीच, कारण ते एका क्लिकने उघडतात. नवीन फाइल करून रक्त दिलेल्या ५५ जणांची फक्त नावं त्यात चिकटवली आणि तीच पाठवली.