रात्री दोन वाजता वाचली जाणारी डेली नोट : लिहिताना काय काय हवं

नाव, आयपीडी नंबर, तारीख, वेळ, सही. पुढे जाऊ.

नोट कोणासाठी लिहायची ते आधी ठरवा. सकाळी राउंडला सर वाचतात, पण त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः उभे असता, विचारलं की सांगता येतं. रात्री मात्र तीन वॉर्ड सांभाळणारा जेआर, ज्यानं हा पेशंट कधी पाहिलेला नाही, सिस्टरच्या फोनवर धावत येतो आणि केस पेपरचं शेवटचं पान उघडतो. तिथं त्याला काय दिसतं? ‘जीसी फेअर, व्हायटल्स स्टेबल, सीव्हीएस-आरएस एनएडी, सीएसटी.’ कसली ट्रीटमेंट चालू ठेवायची, कशासाठी, आणि बिघडलं तर काय करायचं, यातलं काहीच नाही.

उदाहरण पावसाळ्यातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डातलं घेऊ. ३४ वर्षांचा माणूस, वजन ६० किलो, डेंग्यू, तापाचा पाचवा दिवस. आज सकाळी ७ पासून ताप नाही, पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. हिमॅटोक्रिट काल ४१ होतं, आज सकाळी ४६. सलाइन वाढवल्यावर दुपारी ४ ला ४५. प्लेटलेट ३८,०००.

सर्वात आधी निदानाची ओळ, आणि ती पानाच्या वर. आपण सगळे तक्रारी, तपासणी, निदान, प्लॅन याच क्रमानं शिकलो. विचार करायला तो क्रम बरोबर आहे, शोधायला नाही. निष्कर्ष आणि प्लॅन वर घ्या, तपासणी खाली जाऊ द्या. सरांना जुनाच क्रम हवा असेल तर हरकत नाही, फक्त निष्कर्षाभोवती चौकट काढा.

त्या ओळीत नुसतं ‘डेंग्यू’ लिहून भागत नाही. ‘डेंग्यू, वॉर्निंग साइन्ससह, पाचवा दिवस, ताप उतरून १० तास, क्रिटिकल फेजमध्ये, हिमॅटोक्रिट ४१ वरून ४६, आता ४५, शॉक नाही’ असं लिहा. दिवस लिहिला की वाचणाऱ्याला समजतं की ताप उतरला ही इथं चांगली बातमी नाही. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचे २४ ते ४८ तास आत्ता सुरू झालेत. आणि हा दिवस रोज नव्यानं मोजा. कालची नोट उतरवून काढणाऱ्यांचे पेशंट चार दिवस ‘पाचव्या दिवशी’च असतात.

मग प्लॅन. ‘आयव्ही फ्लुइड्स चालू’ हा प्लॅन नव्हे. ‘आरएल ताशी १५० मिली, २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ५० थेंब, रात्री १० पर्यंत’ हा प्लॅन. पंप नसेल तिथं सिस्टर थेंबच मोजणार, म्हणून थेंब लिहा. लघवीचं लक्ष्य ताशी ३० मिली, म्हणजे चार तासांत १२० तरी. पुढचं हिमॅटोक्रिट रात्री १० ला. सॅम्पल कोण पाठवणार आणि रिपोर्ट कोण बघणार तेही लिहा. ‘रिपीट सीबीसी’ एवढंच लिहिलं तर सॅम्पल जातं, रिपोर्ट सकाळपर्यंत लॅबच्या खिडकीत पडून राहतो.

आता जी गोष्ट राहते ती. जर-तर ओळ. निदान छान लिहिलं, थेंबही लिहिले, आणि रिपोर्ट आल्यावर त्याचं काय करायचं हेच लिहिलं नाही, असं सारखं होतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते इतकं पक्कं असतं की कागदावर आलं नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. जर-तर ओळीत तीन गोष्टी हव्यात: आकडा, कृती आणि कोणाला कळवायचं. ‘गरज पडल्यास कळवा’ ही जर-तर ओळ नाही. ‘क्लोज मॉनिटरिंग’ तर नाहीच नाही.

या पेशंटसाठी ती अशी होते. हिमॅटोक्रिट ४९ किंवा वर गेलं (कालच्या ४१ च्या २० टक्के वर), तर आरएल ताशी ३०० करा, तासाभरानं पेशंट पुन्हा बघा, हिमॅटोक्रिट पुन्हा पाठवा, सीनियरला फोन. वरचं आणि खालचं बीपी यांतला फरक २० वर आला किंवा हातपाय गार पडले, तर रिपोर्टची वाट बघू नका: एका तासात ६०० मिली, आयसीयूला कळवा. इथं बीपी १००/८० असलं तरी तो शॉकच आहे. चार्टवर १०० बघून पुढं जाणारे बरेच असतात, म्हणून ‘फरक’ हा शब्द लिहाच.

हिमॅटोक्रिट उतरलं तर? इथं एकट्या आकड्यावर जर-तर ओळ लिहिलीत तर फसाल. नाडी शांत, लघवी भरपूर, आणि हिमॅटोक्रिट ३९, तर झिरपलेलं पाणी परत येतंय. सलाइन कमी करा, नाहीतर पहाटे फुफ्फुसात पाणी भरेल. तेच ३९, पण नाडी १२०, बीपी घसरतंय, तर आत रक्तस्राव होतोय असंच धरा: पॅक्ड सेलची मागणी, क्रॉसमॅच आधीच पाठवलाय, लगेच फोन. एकच आकडा, दोन उलट कृती. म्हणूनच जर-तर ओळ पेशंट ओळखणाऱ्यानं संध्याकाळी लिहायची, ओळखत नसलेल्यावर रात्री सोडायची नाही.

आणि प्लेटलेटची जर-तर ओळ, तीही लिहा, कारण रात्री नातेवाईक तेवढाच आकडा विचारतात. ‘२२,००० आल्या, रक्तस्राव नाही: प्लेटलेट देऊ नका. रक्तस्राव झाला किंवा १०,००० च्या खाली: कळवा.’ ही ओळ नसली की दबावाखाली प्लेटलेट चढतात आणि वाढणाऱ्या हिमॅटोक्रिटकडे कोणी बघत नाही.

वरचे आकडे या ६० किलोच्या, हृदय-किडनी धड असलेल्या माणसाचे आहेत. ते दुसऱ्या पेशंटच्या पानावर उतरवू नका. वजन घ्या, गुणाकार करा.

काय करायचं नाही तेही एका ओळीत: डायक्लोफेनॅक नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. अंग दुखतंय म्हणून रात्री नेमकं तेच दिलं जातं.

एकापेक्षा जास्त त्रास असतील तर आज रात्री जो बिघडू शकतो तो पहिला. मधुमेह दुसरा, जुनं कंबरदुखणं लिहिलं नाही तरी चालेल. मात्र प्रत्येक चालू त्रासाला स्वतःची जर-तर ओळ. हो, साखरेलाही: ७० च्या खाली काय, ३०० च्या वर काय.

तपासणी खाली, थोडक्यात, आजचीच. जुने रिपोर्ट पुन्हा उतरवू नका, फाइलमध्ये आहेत. ‘स्टेबल’ हा शब्द लिहायचाच तर बाजूला नाडी, बीपी, लघवी आणि वेळ. नातेवाइकांना काय सांगितलं ते एका वाक्यात. खाडाखोड केली तर एक रेघ आणि सही. फोन नंबर वाचता येईल असा.

पान बंद करण्याआधी जर-तर ओळ पुन्हा शोधा. आकडा आहे? कृती आहे? कोणाला फोन करायचा ते आहे? मग ती सिस्टरला वाचून दाखवा आणि रात्री १० च्या सॅम्पलची बाटली लेबल लावून ट्रेमध्ये ठेवा.