टेलिग्राम वापरताना या चुका टाळा: एक टिक म्हणजे ब्लॉक नव्हे

पावेल आणि निकोलाय दुरोव या रशियन भावांनी २०१३ साली टेलिग्राम सुरू केलं. त्यातल्या टिकांचा अर्थ व्हॉट्सॲपपेक्षा वेगळा आहे, आणि बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. व्हॉट्सॲपवर एक टिक दिसली की समोरच्याचा फोन बंद असेल किंवा त्याने आपल्याला ब्लॉक केलं असेल, असं आपण धरून चालतो. टेलिग्रामवर एक टिक म्हणजे मेसेज त्यांच्या सर्व्हरवर पोचला, एवढंच. दोन टिका म्हणजे समोरच्याने ते चॅट उघडलं. मेसेज फोनवर पोचला पण वाचला नाही, यासाठी मधली खूणच नाही, कारण एकच खातं फोन, टॅब आणि लॅपटॉपवर एकाच वेळी चालू असू शकतं. एखाद्याने नोटिफिकेशनमध्येच सगळा मजकूर वाचला आणि चॅट उघडलं नाही, तर टिक एकच राहते. त्यामुळे दोन दिवस एक टिक दिसली तर त्यावरून काहीच ठरत नाही.

या टिका बंद करायची सोय शोधत बसू नका. वैयक्तिक चॅटमध्ये ती नाही, प्रीमियम घेतलं तरी नाही. लपवता येते ती फक्त वाचल्याची नेमकी वेळ, आणि तिचा पर्याय `Last Seen` च्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरी चूक मेसेज आपोआप पुसण्याच्या टायमरबद्दल होते. टेलिग्राममध्ये असे दोन टायमर आहेत आणि दोन्हींचं घड्याळ वेगवेगळ्या क्षणी सुरू होतं. सिक्रेट चॅटमध्ये समोरच्याच्या स्क्रीनवर मेसेज दिसला, म्हणजे दोन टिका आल्या, की उलटी मोजणी सुरू होते. साध्या चॅटमधल्या `Auto-Delete` ची मोजणी मात्र मेसेज पाठवल्या क्षणापासून चालू होते. तो वाचला गेला की नाही, याचा तिथे काही संबंध नसतो.

समजा, चॅटला एक दिवसाचा टायमर लावलेला आहे. गुरुवारी सकाळी ११ वाजता तुम्ही पत्ता पाठवला. समोरची व्यक्ती प्रवासात होती, म्हणून टिक एकच राहिली. शुक्रवारी ११ वाजता मेसेज दोन्हीकडून गेला. दुपारी १२ ला तिने चॅट उघडलं तर तिथे काहीच नाही! इकडे तुम्हाला वाटतं की तिने मेसेज पुसला आणि वर ब्लॉकही केलं. तिकडे तिला वाटतं की तुम्ही पत्ता पाठवलाच नाही. मेसेज गायब झाला की आधी चॅटमध्ये वर सरकून टायमर लावल्याची सूचना दिसते का ते पाहा. टायमर लावण्याआधीच्या मेसेजना तो लागू होत नाही. म्हणून जुने मेसेज जागेवर आणि नवे गायब, असं दिसलं तर कारण बहुधा टायमरच.

सूचना नसेल, तर कुणीतरी हाताने पुसलेलं असू शकतं. खाजगी चॅटमध्ये दोघांपैकी कुणीही कुणाचाही मेसेज, कितीही जुना असला तरी, दोन्हीकडून पुसू शकतो आणि मागे ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळसुद्धा राहत नाही. आणखी एक साधी शक्यता: ते सिक्रेट चॅट असेल, तर ते ज्या फोनवर सुरू केलं त्याच फोनवर दिसतं. नव्या फोनवर किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ते सापडणार नाही, आणि त्या फोनवरून लॉगआउट केलं तर ते कायमचं गेलं.

आता ब्लॉकबद्दल. फोटो दिसेनासा होणं, कॉल न लागणं, टिक एकच राहणं, यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही. फोटो आणि कॉल यांच्यावर मर्यादा प्रायव्हसी सेटिंगमधूनही घालता येते. जास्त सांगून जाते ती नावाखालची ओळ. `last seen recently` म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन दिवसांत येऊन गेलेली व्यक्ती. नेमकी वेळ तिने लपवली असली की असं दिसतं, आणि तुम्ही स्वतःची वेळ लपवली असली तरीही असंच दिसतं. ही ओळ असेल तर ब्लॉकची शंका सोडून द्या. `last seen a long time ago` ही ओळ मात्र दोघांच्या नावाखाली येते: महिनाभराहून जास्त काळ न आलेल्याच्या, आणि तुम्हाला ब्लॉक केलेल्याच्या.

या दोघांत फरक करायला सामाईक ग्रुप उपयोगी पडतो, कारण ब्लॉक केल्यावरही ग्रुपमध्ये एकमेकांचे मेसेज दिसतात. नावाखाली `a long time ago` आणि त्याच व्यक्तीने आज सकाळी ग्रुपमध्ये काही लिहिलेलं असेल, तर ती महिनाभर गायब नव्हती हे उघड आहे. तुम्हाला ब्लॉक केलं असण्याचीच शक्यता दाट. नावाच्या जागी `Deleted Account` आलं असेल, तर तिने खातंच बंद केलंय, ब्लॉकचा प्रश्नच नाही.